एकाच कंपनीतले सहा पत्ते आणि एक अर्ज

*मी पिंपरी-चिंचवडमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करतो आणि मला चार वर्षांचा अनुभव आहे. एका मोठ्या कंपनीच्या हिंजवडी कार्यालयात माझ्या कामाची जागा निघाली आहे. लिंक्डइनवरून आणि ओळखीपाळखीतून त्या कंपनीच्या भरतीशी संबंधित असलेले सहा ई-मेल पत्ते माझ्याकडे जमले आहेत. एक मित्र म्हणतो, सगळ्यांना बीसीसीत टाकून एकदम पाठव, कोणीतरी उघडेलच. दुसरा म्हणतो, सीसीत ठेव, म्हणजे एकमेकांची नावे पाहून ते लवकर हालचाल करतील. मी काय करावे?*

*— एक वाचक, पिंपरी-चिंचवड*

तुमच्या दोन्ही मित्रांचे म्हणणे बाजूला ठेवा. अर्ज एकदाच करा, तो कंपनीच्या भरती पोर्टलवरूनच जाऊ द्या, आणि त्या अर्जाविषयीचे पहिले पत्र एकाच रिक्रूटरला पाठवा. त्या पत्राच्या ‘टू’च्या रकान्यात फक्त त्याचा पत्ता असावा आणि मजकुराच्या सुरुवातीला त्याचे नाव असावे. उरलेल्या पाच पत्त्यांपैकी काही पुढे कामाला येतील, तर काही या जागेसाठी अजिबात वापरू नयेत. असे का, हे कंपनीच्या आत भरतीचे काम कसे चालते ते पाहिल्यावर समजते, म्हणून आधी तेच सांगते.

मोठ्या कंपनीत भरायच्या प्रत्येक जागेला एक क्रमांक दिलेला असतो. जाहिरातीत तो बहुधा ‘जॉब आयडी’ म्हणून छापलेला दिसतो. त्या क्रमांकापुढे एका रिक्रूटरचे नाव असते, आणि आलेले अर्ज चाळणे, उमेदवाराला पहिला फोन करणे, मुलाखतीच्या वेळा जुळवणे हे सगळे त्याच्याकडे असते. बाकीचे रिक्रूटर त्याच विभागात असले तरी त्यांच्या जागा वेगळ्या असतात. कोणाकडे महाविद्यालयांतली कॅम्पस भरती असते, कोणाकडे दुसरे बिझनेस युनिट असते, तर कोणी फक्त बेंगळुरूच्या कार्यालयासाठी माणसे शोधत असतो. परंतु या सगळ्यांच्या पडद्यावर उघडलेली अर्जांची प्रणाली एकच असते. तिला सगळेजण ‘एटीएस’ म्हणतात. तुमचा अर्ज तिच्यात गेला की ई-मेल पत्ता आणि मोबाइल क्रमांक यांवरून तुमची एक नोंद तयार होते, आणि नंतर तोच अर्ज दुसऱ्या कोणाच्या हातून आला तर तो त्याच नोंदीला जोडला जातो किंवा ‘डुप्लिकेट’ म्हणून बाजूला पडतो. त्यामुळे सहा जणांना पाठवलेला अर्ज सहा वेगवेगळ्या संधी निर्माण करत नाही. नोंद एकच राहते, आणि ती उघडणाऱ्याला हेही दिसू शकते की हा उमेदवार एकाच आठवड्यात चार दारांतून आला आहे.

या नोंदीत आणखी एक रकाना असतो, आणि उमेदवारांना त्याची कल्पना क्वचितच असते. अर्ज कोणत्या मार्गाने आला, म्हणजेच ‘सोर्स’ काय, हे त्यात लिहिलेले असते: स्वतः पोर्टलवरून, कर्मचाऱ्याच्या रेफरलने, की कन्सल्टन्सीमार्फत. पुष्कळ कंपन्यांत पहिल्यांदा जो मार्ग नोंदला गेला तोच काही महिने ग्राह्य धरला जातो. त्याच्याशी पैशांचा संबंध असतो. रेफरल देणाऱ्या कर्मचाऱ्याला उमेदवार रुजू झाल्यावर बक्षीस मिळते. कन्सल्टन्सीला शुल्क मिळते, आणि आपल्याकडे ते अनेकदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याच्या पगाराइतके असते. तुमचा एकच बायोडेटा एकाच दिवशी तीन मार्गांनी आत गेला, तर हा उमेदवार नेमका कोणाचा, असा वाद उभा राहू शकतो. असा वाद मिटवत बसण्यापेक्षा तेवढ्याच पात्रतेचा दुसरा उमेदवार पुढे नेणे रिक्रूटरला सोपे वाटते. नुकसान तुमचे होते आणि त्याचे कारण तुम्हाला कधीच सांगितले जात नाही.

आता बीसीसीकडे वळू. बीसीसीत टाकलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत हे खरे आहे, परंतु त्या पत्त्यावरच्या माणसाला आपण तिथे आहोत हे स्वच्छ दिसते. तुम्ही ‘टू’मध्ये स्वतःचाच पत्ता घालून सहाही जणांना बीसीसीत ठेवले, तर प्रत्येकाला पाठवणाऱ्याच्या जागी तुमचे नाव दिसेल आणि मिळणाऱ्याच्या जागीही तुमचेच. जीमेलमध्ये तपशील उघडला की ‘बीसीसी’पुढे त्याचा स्वतःचा उल्लेखही दिसतो. दिवसभर अर्जच पाहणाऱ्या माणसाला याचा अर्थ लावायला क्षणही लागत नाही: हे पत्र माझ्यासाठी लिहिलेले नाही, ते आणखी कितीजणांना गेले आहे हे मला कळू नये अशी पाठवणाऱ्याची इच्छा आहे. शिवाय, आपले नाव ‘टू’मध्ये नसलेली पत्रे आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये टाकण्याचा नियम आउटलुकमध्ये सहज लावता येतो, आणि ज्यांच्याकडे पत्रांचा ढीग येतो ती माणसे तो लावतातही. जीमेलमध्ये फक्त आपल्यालाच आलेल्या पत्रापुढे दुहेरी बाण दाखवण्याची सोय आहे. म्हणजे ‘टू’मध्ये एकटे नाव असणे हा नुसता शिष्टाचार नाही, पत्र उघडले जाण्याची शक्यताच त्याने वाढते.

बीसीसीचा दुसरा धोका असा की ज्याला गुपचूप प्रत पाठवली आहे तो माणूस ‘रिप्लाय ऑल’ करू शकतो. समजा, तुम्ही ‘टू’मध्ये हिंजवडीच्या रिक्रूटरला ठेवले आणि बेंगळुरूच्या रिक्रूटरला बीसीसीत. बेंगळुरूकडून सहज उत्तर आले, ‘ही जागा माझ्याकडे नाही’, आणि ते सर्वांना गेले. हिंजवडीच्या रिक्रूटरला त्या क्षणी कळते की त्याच्या पाठीमागे हे पत्र दुसरीकडेही गेले होते. त्यात काही बेकायदा नाही, पण ज्याच्याकडून तुम्हाला काम हवे आहे त्याच्या मनात पहिल्याच पत्राने शंका येते, आणि ती दूर करण्याची संधी तुम्हाला मिळत नाही.

सीसीची अडचण निराळी आहे. ‘टू’मध्ये ज्याचे नाव असते त्याच्याकडून कृतीची अपेक्षा असते, आणि सीसीत ज्यांची नावे असतात त्यांना फक्त माहिती असावी, असा कार्यालयांतला रूढ अर्थ आहे. सहा रिक्रूटर एकाच ओळीत दिसले की प्रत्येकजण असे धरून चालतो की ज्याची जागा आहे तो पाहील, आणि ज्याची जागा आहे तो असे धरून चालतो की एवढ्या लोकांपैकी कोणीतरी आधीच फोन केला असेल. तुमच्या दुसऱ्या मित्राला वाटते तशी चढाओढ त्यांच्यात लागत नाही, कारण तुमच्या जागेवर त्यांच्यापैकी एकाचाच हिशेब लागणार असतो. आणि सीसीच्या त्या यादीत कंपनीचे रिक्रूटर आणि बाहेरचा कन्सल्टंट शेजारीशेजारी दिसले, तर मघाशी सांगितलेल्या ‘उमेदवार कोणाचा’ या वादाचा पुरावाच तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करून दिलेला असतो.

तेव्हा पाठवण्याआधी एक संध्याकाळ त्या सहा पत्त्यांवर घालवा. प्रत्येक माणसाची लिंक्डइनवरची माहिती आणि त्याने अलीकडे टाकलेल्या जाहिराती पाहिल्या की बहुतेक गोष्टी उलगडतात. तुमच्यासारख्या यादीत साधारणपणे काय निघते ते मी धरून चालते. पहिला पत्ता हिंजवडीच्या टेस्टिंगच्या जागेची जाहिरात स्वतः टाकणाऱ्या रिक्रूटरचा आहे. दुसरा कंपनीच्या ‘करिअर्स’ या सामायिक पेटीचा, तिसरा बेंगळुरूच्या रिक्रूटरचा, चौथा कॅम्पस भरती पाहणाऱ्याचा, पाचवा एका कन्सल्टन्सीतल्या माणसाचा आणि सहावा तुमच्या मित्राच्या ओळखीच्या, त्या कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याचा.

यांत सर्वांत आधी संपर्क साधायचा तो सहाव्या पत्त्याशी, आणि तोही पोर्टलवर अर्ज भरण्यापूर्वी. क्रम उलटा झाला तर रेफरल अनेक ठिकाणी नोंदलेच जात नाही, कारण प्रणालीत तुमचे नाव आधीच आलेले असते. त्या अभियंत्याला थोडक्यात विचारा की तो जॉब आयडी वापरून आतल्या पोर्टलवरून तुमचे नाव सुचवील का, आणि त्याला बायोडेटा पाठवा. तो तयार असेल तर त्याच्याकडून येणाऱ्या लिंकवरूनच अर्ज पूर्ण करा. त्याचे तुमच्याशी जुजबी परिचयापलीकडे नाते नसेल आणि तो नाही म्हणाला, तर आग्रह धरू नका. सरळ पोर्टलवरून अर्ज भरा. कोणत्याही मार्गाने अर्ज गेला की त्याचा क्रमांक असलेली पोच तुमच्या ई-मेलवर येते. ती जपून ठेवा.

पाचव्या पत्त्याला, म्हणजे कन्सल्टंटला, तुम्ही या जागेसाठी स्वतः अर्ज केला आहे असे स्पष्ट कळवा. चांगला कन्सल्टंट तुमच्या लेखी संमतीशिवाय नाव पुढे पाठवत नाही, पण ‘बायोडेटा पाठवून ठेवा, बघतो’ असे म्हणणारेही असतात. ‘या कंपनीत माझ्या नावाने अर्ज करू नये, अन्य कंपन्यांतील जागांसाठी आधी मला विचारावे’ एवढी दोन वाक्ये त्याला लिहून पाठवलेली असली की पुढे वाद निघाला तरी तुमच्या हाती काहीतरी असते. चौथा पत्ता, कॅम्पस भरतीचा, चार वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला उपयोगाचा नाही. तो यादीतून काढून टाका. दुसऱ्या, सामायिक पेटीवर पाठवण्याची गरज तेव्हाच पडते, जेव्हा जाहिरातीत तसे सांगितलेले असते किंवा पोर्टल चालत नसते.

राहिले पहिला आणि तिसरा. पहिल्याला आता पत्र लिहायचे. हे पत्र तुम्ही इंग्रजीत लिहाल, म्हणून आशय सांगते. विषयाच्या ओळीत आधी जॉब आयडी, मग पदाचे नाव, मग अनुभवाची वर्षे आणि शेवटी नोटीस पिरियड घाला. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असणे नेहमीचे असल्यामुळे रिक्रूटर ती एक गोष्ट आधी शोधतो, आणि ती विषयातच सापडली तर पत्र उघडण्याचे त्याला कारण मिळते. मजकूर पाच-सहा वाक्यांचा पुरे. पोर्टलवर अर्ज केल्याची तारीख आणि अर्जाचा क्रमांक, जाहिरातीत मागितलेल्या कामांपैकी तुम्ही प्रत्यक्ष केलेली दोन कामे, सध्याचे ठिकाण, आणि रेफरल असेल तर ते कोणी दिले, एवढे त्यात असावे. रेफरल देणाऱ्याला सीसीत ठेवण्याचा मोह होईल, पण त्याने तशी परवानगी दिली असेल तरच ठेवा. तुमच्या प्रत्येक स्मरणपत्राची प्रत त्याच्या कार्यालयीन पेटीत पडत राहणे त्याला अवघड वाटू शकते.

त्यानेच जर स्वतःहून रिक्रूटरला पत्र लिहून तुमची ओळख करून दिली आणि तुम्हाला सीसीत ठेवले, तर मात्र बीसीसीचा एक अतिशय योग्य उपयोग करता येतो. उत्तर देताना रिक्रूटरला ‘टू’मध्ये ठेवा, ओळख करून देणाऱ्याला बीसीसीत हलवा, आणि पहिल्याच वाक्यात तसे लिहा: ‘ओळख करून दिल्याबद्दल आभारी आहे; पुढच्या पत्रव्यवहाराचा त्रास नको म्हणून आपल्याला बीसीसीत ठेवत आहे.’ त्याला कळते की तुम्ही संपर्क साधला, रिक्रूटरलाही काही लपवलेले वाटत नाही, आणि यानंतरच्या ‘रिप्लाय ऑल’मधून तो आपोआप मोकळा होतो. अर्जाच्या पत्रव्यवहारात बीसीसी वापरण्याचे याखेरीज दुसरे कारण मला तरी पटत नाही. स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर प्रत ठेवायची असेल तर तेवढी ठेवा, त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

पत्र पाठवल्यावर कामाचे सात दिवस थांबा. उत्तर आले नाही तर त्याच पत्राखाली, त्याच धाग्यात, दोन ओळींचे स्मरणपत्र लिहा; नवे पत्र सुरू केले तर आधीचा अर्ज क्रमांक आणि बायोडेटा शोधण्याचे काम त्याच्यावर पडते. आणखी एक आठवडा शांततेत गेला की तिसऱ्या पत्त्याची वेळ येते. बेंगळुरूच्या रिक्रूटरला स्वतंत्र पत्र लिहा, आणि त्यात आधीच्या पत्राची गोष्ट उघडपणे सांगा. आशय असा असावा: ‘हिंजवडीच्या अमुक जागेसाठी मी अमुक तारखेला अर्ज केला आहे आणि तिथल्या रिक्रूटरना लिहिले आहे. ती जागा आता आपल्याकडे किंवा दुसऱ्या सहकाऱ्याकडे असल्यास कृपया कळवावे. बेंगळुरूमधील याच कामाच्या जागेसाठीही माझी तयारी आहे.’ शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहा. पहिल्या पत्राचा मजकूर नाव बदलून पुन्हा पाठवू नका, कारण दोघांनी ती पत्रे एकमेकांना पुढे धाडली की जुळी पत्रे लगेच उघडी पडतात.

कधी पहिल्याच पत्राला स्वयंचलित उत्तर येते की हा रिक्रूटर रजेवर आहे, तातडीच्या कामासाठी अमुक व्यक्तीशी संपर्क साधावा. इथे सीसी नेमके उपयोगी पडते. त्या नव्या व्यक्तीला ‘टू’मध्ये आणि मूळ रिक्रूटरला सीसीत ठेवा, म्हणजे रजेवरून परतलेल्या माणसाला काम कोणाकडे गेले ते न विचारता समजते. तसेच, समजा सामायिक पेटीवरूनही कोणीतरी तुमचा अर्ज उचलला आणि एकाच दिवशी तुम्हाला दोन रिक्रूटरांचे फोन आले. दोघांनाही ‘हो’ म्हणून दोन वेगळ्या वेळा घेऊन बसू नका. दुसऱ्या फोनवरच पहिल्याचे नाव सांगा, आणि त्याच दिवशी दोघांना एकत्र पत्र लिहा. ज्याच्याकडे त्या जॉब आयडीची जबाबदारी आहे त्याला ‘टू’मध्ये ठेवा, दुसऱ्याला सीसीत, आणि विचारा की पुढचे बोलणे कोणाशी करावे. आपापसांत कोणी काम पाहायचे हे ठरवणे त्यांच्यासाठी दोन मिनिटांचे असते. त्यांना ते तुमच्याकडून कळायला हवे, एवढेच.

तुम्ही सध्या नोकरीत आहात, म्हणून पत्त्यांच्या रकान्यांविषयी थोडे अधिक जपून राहा. हा सारा पत्रव्यवहार स्वतःच्या खासगी ई-मेलवरूनच करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिक्रूटरांना एकाच पत्रात कधीही एकत्र आणू नका. या क्षेत्रात रिक्रूटर कंपन्या बदलत राहतात आणि त्यांच्यापैकी कोणाची तुमच्या सध्याच्या कार्यालयात ओळख असेल याचा नेम नसतो. पत्र लिहिताना बायोडेटा आधी जोडा, मजकूर वाचून काढा आणि पत्ता सर्वांत शेवटी भरा, कारण जीमेल पहिले एक-दोन वर्ण टाइप केले की पूर्वी लिहिलेला पत्ता स्वतःहून सुचवते आणि घाईत भलताच निवडला जातो. तिथल्या सेटिंग्जमध्ये पाठवलेले पत्र मागे घेण्याची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. मूळची मुदत ५ सेकंदांचीच असते, ती आजच बदलून घ्या.

मुलाखत ठरली की त्या पत्रात रिक्रूटरबरोबर समन्वयक आणि मुलाखत घेणारे असे बरेच जण सीसीत असतात. वेळ मान्य असल्याचे उत्तर ‘रिप्लाय ऑल’ने द्या, कारण ते त्या सर्वांना हवे असते. पण त्याच धाग्यात पुढे कोणी पगाराच्या स्लिप, पॅन किंवा आधारची प्रत मागितली, तर ती सर्वांना पाठवू नका. कागदपत्रांसाठी कंपनीचे अपलोड पोर्टल आहे का ते आधी विचारा. नसेल तर मागणाऱ्या एकालाच स्वतंत्र उत्तरातून पाठवा आणि मूळ धाग्यात ‘कागदपत्रे आपल्याला स्वतंत्रपणे पाठवली आहेत’ एवढेच लिहा.